द्राक्षाचं बोट आणि साखरेचा आकडा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाडकडच्या आमच्या मामांना घरी बसवत नाही. वय एकाहत्तर, मधुमेह सतरा वर्षांचा, रात्री इन्सुलिन. तरी खुडा सुरू झाला की सकाळपासून क्रेटजवळ. फुटके मणी घडातून काढायचे काम ते कुणाला करू देत नाहीत. गेल्या फेब्रुवारीत अकराच्या सुमारास त्यांनी बागेतच ग्लुकोमीटर काढला. आकडा आला 286. सकाळी उपाशीपोटी 118 होता आणि न्याहारीला फक्त एक भाकरी. त्यांनी मला नाशिकला फोन लावला. आवाजात काळजी होती आणि रात्रीच्या सुईत “चार युनिट वाढवू का?” असा प्रश्नही.

मी विचारलं, “हात धुतले होते का?”

“सॅनिटायझर लावलं की!”

त्यांना साबणाने हात धुवून, नीट कोरडे करून पुन्हा तपासायला सांगितलं. दहा मिनिटांनी आकडा आला 131.

मशीन बिघडलेलं नव्हतं. पहिल्या वेळीही त्याने समोर आलेलं ग्लुकोजच मोजलं होतं, फक्त ते सगळं मामांच्या रक्तातलं नव्हतं. ग्लुकोजला आपण मराठीत द्राक्षशर्करा म्हणतो ते उगाच नाही. द्राक्षाच्या शंभर मिलिलिटर रसात साधारण 7 ते 8 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे सुमारे 7500 मिलिग्रॅम. मामांच्या शंभर मिलिलिटर रक्तात होतं 131 मिलिग्रॅम. रस रक्तापेक्षा जवळजवळ साठपट गोड. पट्टी ओढून घेते तो थेंब जेमतेम अर्ध्या मायक्रोलिटरचा, पाच मिलिलिटरच्या चमच्यात असे दहा हजार थेंब मावतील. त्या थेंबात पन्नासावा हिस्सा जरी बोटावरचा रस मिसळला, तरी आकड्यात दीडशेची भर पडते. 131 आणि 150 मिळून 281. मामांचा 286 कुठून आला ते इथेच कळतं.

आता पट्टीच्या आत काय घडतं ते बघू, कारण मला स्वतःला त्याचं फार कौतुक आहे. पट्टीच्या टोकाशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाळवून बसवलेलं असतं. बऱ्याच पट्ट्यांत ते ग्लुकोज ऑक्सिडेज असतं, काहींत त्याचं भावंड ग्लुकोज डिहायड्रोजनेज. ग्लुकोज ऑक्सिडेज मिळवतात ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. लासलगावच्या कांद्यावर सालीखाली काळी भुकटी धरते ना, तीच ही बुरशी! रक्त आत शिरलं की हे विकर ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रॉन स्वतः इलेक्ट्रोडपर्यंत जाऊ शकत नाहीत, म्हणून पट्टीत एक हमाल ठेवलेला असतो, पुष्कळदा फेरिसायनाइड नावाचं रसायन. तो इलेक्ट्रॉन उचलतो, इलेक्ट्रोडवर उतरवतो, आणि अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. जितकं ग्लुकोज तितके इलेक्ट्रॉन, तितका प्रवाह. पाच सेकंदांत मशीन तो मोजतं आणि आकड्यात बदलून दाखवतं. विकर आणि इलेक्ट्रोड यांची अशी जोडी जमवण्याची कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 साली मांडली होती.

हे विकर मोठं चोखंदळ असतं. चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज, तिला ते हात लावत नाही. द्राक्षातल्या फ्रुक्टोजलाही नाही. म्हणून हाताला साधी साखर लागली तर आकडा फारसा फसत नाही, पण द्राक्ष, मध, पिकलं केळं किंवा ग्लुकोजची पावडर लागली तर फसतो. इलेक्ट्रॉन रक्तातल्या ग्लुकोजचा की बोटावरच्या, हे मात्र विकराला कळायला मार्ग नाही.

सॅनिटायझरने का भागलं नाही? ग्लुकोज पाण्यात झटकन विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाहीच. त्यामुळे सॅनिटायझर ते बोटावरून काढत नाही, नुसतं पसरवतं. जपानमधल्या संशोधकांनी 2011 साली संत्रं, द्राक्ष आणि किवी सोललेल्या बोटांवर हेच तपासलं होतं. अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्यावरही आकडे चढेच राहिले, नळाखाली धुतल्यावर जागेवर आले. बागेत पाणी हाताशी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा पट्टीला लावावा. आणि सुई बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचावी. तिथे दुखतंही कमी. थेंब येत नाही म्हणून बोट पिळायचं नाही, हात खाली सोडून थोडा हलवायचा. पिळलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी रक्तात मिसळतं.

पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करायची, कारण हवेतला ओलावा विकराचा शत्रू आहे. जूनमध्ये उघडी राहिलेली डबी सरळ टाकून द्या. शिवाय मशीन उत्तम असलं तरी त्याला सूट दिलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरच्या वरच्या आकड्यांत प्रयोगशाळेपेक्षा 15 टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे 118 चे दुसऱ्या दिवशी 126 झाले, याला वाढ म्हणत नाहीत. “भेंडीचं पाणी प्यायलो आणि आठ कमी झाली,” असं कुणी गावभर सांगत असेल तर त्यांना ही सूट सांगा. त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या अंगठ्या आणि घड्याळांबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने 2024 साली जाहीर इशाराच दिला होता.

कधी तपासायचं? मन घाबरलं तेव्हा नाही, जोडीने. सकाळी किमान आठ तास उपाशी असताना एकदा. मग एक जेवण निवडायचं: त्याच्या आधी एक, आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरा. जेवण संपल्यापासून दोन तास धरले तर आकडा सहज फसतो. आज न्याहारीची जोडी, उद्या दुपारची, परवा रात्रीची, म्हणजे रोज तीनच पट्ट्या. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर मात्र वेळ कुठलीही असो, लगेच तपासायचं. आकडा 70 च्या खाली असेल तर आधी गोड खायचं, वही नंतर.

डॉक्टरांना नुसत्या आकड्यांचा फारसा उपयोग नसतो. मामांची वही आधी तशीच होती: 118, 164, 131, 210, एकाखाली एक. मी त्यांना ओळी आखून दिल्या. वेळ, पहिल्या घासाची वेळ, काय खाल्लं, गोळी किंवा इन्सुलिन किती आणि केव्हा, आणि शेरा. शेऱ्यात लिहायचं: बागेत चाललो, ताप होता, जेवण चुकलं. संशयास्पद आकडा खोडायचा नाही, शेजारी “हात न धुता” असं लिहून ठेवायचा.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी ती वही उघडली. न्याहारीच्या आधी 122, नंतर 164. दुपारी 126 आणि 159. रात्री जेवणाआधी 128, दोन तासांनी 231, आणि अशा रात्री एक सोडून पाच. डॉक्टरांनी सकाळच्या आकड्यांकडे पाहिलंही नाही. इन्सुलिनलाही हात लावला नाही.

“रात्री काय जेवता?”

“हंगामात मजुरांबरोबरच बसतो,” मामा म्हणाले. “भात. ताटभर.”