एबी निगेटिव्ह दुर्मीळ खरं, पण तुटवडा ओ निगेटिव्हचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतच असतो: 'अत्यंत दुर्मीळ एबी निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज.' लोक तो मनापासून पुढे पाठवतात. मग कुणीतरी चिडून विचारतं, एवढ्या मोठ्या रक्तपेढीला दुर्मीळ गटाच्या चार पिशव्या ठेवता येत नाहीत का? या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो. गट दुर्मीळ असणं ही एक गोष्ट, आणि फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवी नसणं ही दुसरी. रक्तपेढीत काम करणाऱ्याला हे रोज समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

दुर्मीळ कोण, हे बहुतेकांना पाठ असतं, त्यामुळे तो भाग पटकन उरकतो. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात साधारण पाच. त्यात एबी गट मुळातच कमी, म्हणून एबी निगेटिव्ह माणूस हजारात तीन-चार. ओ निगेटिव्ह शंभरात दोनच्या आसपास. (निगेटिव्ह माणसं पंधरा टक्के असतात असं छापणारे लेख कृपा करून बाजूला ठेवा. तो आकडा युरोपातल्या लोकांचा आहे.) म्हणजे एबी निगेटिव्ह हा ओ निगेटिव्हपेक्षा कितीतरी दुर्मीळ. इथपर्यंत मेसेज पाठवणाऱ्याचं बरोबर आहे.

गोंधळ इथून पुढे सुरू होतो. तुटवडा ठरतो तो त्या पिशवीवर किती जणांचा हक्क पोचतो यावर. एबी निगेटिव्ह रुग्णाला लाल पेशी चार कप्प्यांतून देता येतात: एबी निगेटिव्ह, ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह आणि अगदीच अडलं तर ओ निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह रुग्णाला मात्र त्याचा स्वतःचा एकच कप्पा, आणि त्याच कप्प्यात बाकीच्या सातही गटांचा हात जाऊ शकतो. हे सगळं पॅक सेलबद्दल चाललं आहे, म्हणजे प्लाझ्मा काढून घेतलेल्या लाल पेशींच्या पिशवीबद्दल. प्लाझ्माचा हिशेब बरोबर उलटा चालतो, आणि होल ब्लड, म्हणजे काहीही वेगळं न काढलेलं रक्त, देताना हा सढळपणा चालत नाही.

आता आयुष्याचा प्रश्न. लाल पेशी 2 ते 6 अंश तापमानात ठेवतात. सीपीडीए पिशवीत त्या 35 दिवस टिकतात, सॅगएम द्रावण घातलेल्या पिशवीत 42 दिवस. पस्तीस दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण दुर्मीळ गटाला ते पुरत नाहीत. एक उदाहरण घेऊ. समजा एका रक्तपेढीकडे एबी निगेटिव्हची मागणी सरासरी महिन्याला एक येते, पण कधी येईल याचा नेम नाही. ताजी पिशवी ठेवली आणि 35 दिवस वाट पाहिली, तर त्या काळात एकही मागणी न येण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे एकच पिशवी ठेवली तरी दर तीन पिशव्यांतली एक मुदत संपून फेकावी लागेल. शेजारी दुसरी ठेवली, तर ती वापरली जायला त्याच 35 दिवसांत दोन मागण्या याव्या लागतात. तसं तीनात एकदाच होतं, दोनदा ती वाया जाते. 'चार ठेवा' म्हणणाऱ्याने तिसरी आणि चौथीचं काय होईल ते आता स्वतः पाहावं. हजारात तीन-चार असलेल्या माणसाला कामावरून बोलावून त्याचं रक्त घ्यायचं, ते गटारात ओतायचं, आणि पुढचे 90 दिवस त्याच्याकडून पुन्हा घेता येत नाही ते वेगळंच.

त्याच फ्रिजमधला ओ निगेटिव्ह पाहा. समजा महिन्याला आठ पिशव्या जातात. त्यातल्या तीन खऱ्या ओ निगेटिव्ह रुग्णांना, दोन गट तपासायलाही वेळ नसलेल्या तातडीच्या रुग्णांना आणि तीन 'दुसऱ्या निगेटिव्ह गटाचं नव्हतं म्हणून'. दात्याला फोन करण्यापासून रक्त घेणं, एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, मलेरियाच्या चाचण्या आणि पेशी वेगळ्या करणं, यात तीन दिवस धरा. तेवढ्या तीन दिवसांत दोन पिशव्यांचा साठा अपुरा पडण्याची शक्यता विसात एक. साठा चारचा ठेवला की ती हजारात एक-दोनवर येते. आणि चार पिशव्या ठेवल्या तरी त्या पंधरा-वीस दिवसांत निघून जातात, मुदत संपण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून अशा रक्तपेढीसाठी माझं उत्तर ठाम आहे: ओ निगेटिव्ह चार, ए आणि बी निगेटिव्ह दोन-दोन, आणि एबी निगेटिव्हचा कप्पा रिकामा राहिला तरी चालेल. तो रिकामा कप्पा पाहून तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी भुवया उंचावल्या तर उंचावू द्याव्यात.

इथे एक चलाखी चालते आणि तिचा मला मनस्वी राग आहे. ओ निगेटिव्हची पिशवी मुदतीला चार दिवस उरले की ती ओ पॉझिटिव्ह रुग्णाला देऊन टाकायची. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक काही नाही, पिशवी वाया जाण्यापेक्षा बरंच. पण ते दर आठवड्याला होऊ लागलं की नोंदवहीत वाया गेलेल्यांचा आकडा शून्य दिसतो, कौतुक होतं, आणि ओ निगेटिव्हचा तुटवडा मात्र कायम राहतो. हा तुटवडा रक्तपेढीने स्वतः तयार केलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याची ओ निगेटिव्हची यादी काढायची आणि पिशवी मिळालेल्या रुग्णाचा गट शेजारी लिहायचा. निम्म्याहून जास्त नावं ओ निगेटिव्ह नसतील, तर दात्यांची संख्या वाढवण्याआधी वाटप सुधारावं.

वाटपातली सर्वांत मोठी गळती अपघात विभागात होते. महामार्गावरचा अपघात आला, गट माहीत नाही, की लगेच ओ निगेटिव्हची मागणी. खरं तर गट तपासायला दहा मिनिटं लागतात. क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते तपासायला, पाऊण तास लागतो, पण गट कळला की निदान त्याच गटाची पिशवी देता येते. त्या दहा मिनिटांपुरता प्रौढ पुरुषाला ओ पॉझिटिव्ह चालतो. तो निगेटिव्ह निघण्याची शक्यता शंभरात पाच, आणि निघाला तरी पूर्वी अँटिबॉडी तयार झालेली नसेल तर लगेच काही बिघडत नाही. मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया यांची गोष्ट वेगळी. निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह रक्त गेलं तर तिच्या शरीरात अँटी-डी नावाची अँटिबॉडी तयार होऊ शकते आणि ती पुढच्या गरोदरपणात पॉझिटिव्ह बाळाच्या लाल पेशी फोडते. बाळंतपणात रक्त जाऊन सातपुड्याचा घाट उतरून धडगावकडून आलेल्या बाईसाठी ओ निगेटिव्ह राखून ठेवायचा असतो. तो पन्नाशीच्या ट्रक ड्रायव्हरला सवयीने देऊन बसलं, तर ती आली तेव्हा हात चोळत बसावं लागतं.

नातेवाईक आणि काही डॉक्टरही आणखी एक हट्ट धरतात: 'ताजंच द्या.' त्यामुळे आधी आलेली पिशवी मागेच राहते आणि मुदत गाठते. 2015 आणि 2016 साली हजारो रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत ताज्या रक्ताचा नेहमीच्या साठ्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल तर ताजं हवं, ते मान्य. बाकीच्यांनी जुनी पिशवी आधी घ्यावी.

शिबिरांमुळे पॉझिटिव्ह गटांचंही वाटोळं होतं. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीला एकाच दिवशी 120 पिशव्या आल्या, तर त्या सगळ्यांची मुदत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम संपते. त्या 120 मध्ये निगेटिव्ह सहाच्या आसपास, आणि त्यातल्या ओ निगेटिव्ह दोनेक. मग मे महिन्यात पारा 45 पर्यंत चढतो, कॉलेजांना सुट्ट्या लागतात, शिबिरं बंद पडतात आणि फ्रिज रिकामा होतो. वाया जाणं आणि तुटवडा या दोन्ही तक्रारी एकाच रक्तपेढीतून दोन महिन्यांच्या अंतराने येतात, ते यामुळे.

बॉम्बे गट मात्र खरोखरच दुर्मीळ, आणि त्याला वरचा एकही नियम लागू नाही. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो ओळखला. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण रुग्णाच्या सीरममध्ये ओ पेशी घातल्या की गुठळ्या होतात, म्हणून उलटी तपासणी टाळू नये. त्याला ओ निगेटिव्हही चालत नाही, फक्त बॉम्बेच. त्याची पिशवी कुणी सहसा साठवून ठेवत नाही, दात्यांचे फोन नंबर ठेवतात. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांतल्या सिकल सेल रुग्णांचं दुखणं याच्याच जवळचं. गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे अगदी सामान्य, पण वारंवार रक्त चढून अँटिबॉडी तयार झाल्या की दहा पिशव्या क्रॉसमॅच कराव्या तेव्हा एक जुळते. ती दुर्मीळता पिशवीच्या लेबलवर कुठेच दिसत नाही.

एबी निगेटिव्हसाठी करायचं ते एवढंच. पिशवी आलीच, तर वीस दिवस उरलेले असतानाच ती जास्त मागणी असलेल्या रक्तपेढीकडे बर्फाच्या खोक्यातून पाठवावी. एका रक्तपेढीने दुसरीला पिशव्या द्यायला 2015 पासून परवानगी आहे, आणि जळगाव-धुळे अंतर दोन-अडीच तासांचं आहे. दोन दिवस उरल्यावर पाठवलेली पिशवी कुणी घेत नाही आणि घेऊही नये. निगेटिव्ह दात्यांना माझं सांगणं असतं की दादा, ताई, शिबिरात रांगेला उभे राहू नका, नंबर लिहून द्या. त्या यादीचे तीन गट करून दर महिन्याला एकाच गटाला फोन करायचा. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे स्त्रियांची यादी चार गटांत वेगळी ठेवायची, आणि मे महिन्यासाठी प्रत्येक यादीतला सर्वांत मोठा गट राखून ठेवायचा.