संगणकावर उघडते, फोनवर नाही: 127.0.0.1 मागची गोष्ट

लॅपटॉपवर बनवत असलेली वेबसाइट `localhost:3000` वर लगेच उघडते. त्याच वायफायवरच्या फोनमध्ये लॅपटॉपचा पत्ता, समजा `192.168.1.5:3000`, टाकला की मात्र काहीच येत नाही. पहिला संशय राउटरवर जातो. बहुतेक वेळा कारण सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे, यात असते, आणि त्याची मुळे 1980च्या दशकात आहेत.

1983 मध्ये आलेल्या 4.2BSD युनिक्सने सॉकेटची, म्हणजे प्रोग्रामांनी नेटवर्कवरून बोलण्याची, पद्धत रूढ केली. सर्व्हर सुरू होताना `bind` करून सांगतो, की मी अमुक पत्त्यावर ऐकेन. `0.0.0.0` म्हणजे या यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर. 127 ने सुरू होणारे पत्ते यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी राखून ठेवले गेले, आणि 1989 च्या RFC 1122 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने स्पष्ट बजावले की असे पत्ते यंत्राबाहेर कधीही दिसता कामा नयेत. म्हणून 127.0.0.1 वर ऐकणाऱ्या सर्व्हरपर्यंत फोन पोहोचूच शकत नाही. `localhost` हे याच पत्त्याचे नाव; फोनवर ते लिहिले तर तो स्वतःलाच विचारतो.

मग ही बंद खिडकी डेव्हलपमेंट सर्व्हरची मूळ सवय कशी झाली? रेल्स या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कचे उदाहरण बोलके आहे. पूर्वी `rails server` 0.0.0.0 वर ऐकायचा, त्यामुळे फोनवर सहज उघडायचा. डिसेंबर 2014 मध्ये आलेल्या 4.2 आवृत्तीपासून, रेल्स ज्यावर उभे आहे त्या रॅकमधल्या बदलामुळे, तो localhost वर ऐकू लागला. अनेकांना वाटले, काहीतरी बिघडले. माझ्या मते बदल योग्यच होता. डेव्हलपमेंटमधले त्रुटीचे पान कोडच्या ओळी आणि अंतर्गत माहिती दाखवते, आणि कॅफेच्या वायफायवर ते शेजारच्या टेबलावरूनही उघडू शकले असते. जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कचा `runserver` तर कुठलाही पत्ता दिला नाही की 127.0.0.1 वरच ऐकतो.

लिनक्सवर तपासणे सोपे आहे:

```
ss -ltn
```

यात `127.0.0.1:3000` दिसले, तर कारण सापडले. मग रेल्सचा सर्व्हर असा सुरू करा:

```
rails server -b 0.0.0.0
```

आता यादीत `0.0.0.0:3000` दिसेल. तरीही फोनवर उघडत नसेल, तर तो कसा अडतो ते पाहा. जोडणी क्षणात नाकारली गेली, तर बहुधा त्या पत्त्यावर कोणी ऐकतच नाही. बराच वेळ नुसते फिरत राहून शेवटी वेळ संपली, तर फायरवॉल पाकिटे गिळते आहे, किंवा राउटर वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर हे नेहमीचेच. रेल्स 6 पासून आणखी एक पायरी आली: सर्व्हरपर्यंत पोहोचल्यावरही अनोळखी होस्टनावाची विनंती तो अडवतो. असे अडवल्याचे त्रुटीचे पान फोनवर दिसले, तर नेटवर्क ठीक आहे असे समजा आणि `config.hosts` पाहा.