पेज कोणाच्या नावावर? एका डॅशबोर्डवर अनेक क्लायंट सांभाळण्यामागची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये आज पंधरा-वीस क्लायंटची सोशल मीडिया खाती चालवणाऱ्या एजन्सीत गेलात, तर स्क्रीनवर साधारण सारखंच चित्र दिसतं. डावीकडे क्लायंटच्या लोगोंची उभी ओळ, प्रत्येकाच्या आधीच भरून ठेवलेल्या पोस्टची वेगळी क्यू, पोस्टवर रंगीत लेबलं आणि कोणाला काय दिसावं, काय करता यावं याच्या परवानग्या. नव्या मुलांना हे सगळं एकाच दिवशी, एकाच डोक्यातून निघालं असावं असं वाटतं. खरं तर यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे फजिती झाल्यावर आली आहे.

सुरुवातीचा काळ पासवर्डांचा होता. बाहेरच्या साधनातून ट्विटर चालवायचं तर त्या साधनाला थेट पासवर्ड द्यावा लागे. आमच्या एजन्सीच्या पलासियातल्या ऑफिसात तर त्यानंतरही कितीतरी दिवस एक एक्सेल फाइल होती, ‘पासवर्ड फायनल नवीन’ नावाची, आणि ती सगळ्यांच्या मशीनवर होती. ३१ ऑगस्ट २०१० ला ट्विटरने पासवर्डवर चालणारा रस्ता बंद केला आणि टोकनची पद्धत सक्तीची झाली. आता खातेदार स्वतः लॉग-इन करून साधनाला मंजुरी देतो, साधनाकडे पासवर्ड जात नाही, त्या मंजुरीची खूण म्हणून फक्त टोकन जातं. हा बदल बहुतेकांनी सुरक्षेचा म्हणून पाहिला. खरा परिणाम वेगळा होता. मंजुरी काढून घेता येऊ लागली, आणि परवानगी ही पासवर्डपासून वेगळी वस्तू झाली. पुढचं सगळं यावर उभं आहे.

रंग आणि वेगळ्या क्यूमागे २०११ सालचे दोन अमेरिकन किस्से नेहमी सांगितले जातात. फेब्रुवारीत एका मोठ्या मदत संस्थेच्या खात्यावरून कर्मचाऱ्याचं बिअर पिण्याबद्दलचं खासगी ट्वीट गेलं. मार्चमध्ये एका मोटार कंपनीच्या खात्यावरून तिच्याच शहरातल्या लोकांच्या गाडी चालवण्याला शिवी गेली. कंपनीचं खातं सांभाळणाऱ्या एजन्सीतल्या माणसाला ती खरं तर स्वतःच्या खात्यावरून द्यायची होती. पहिल्या संस्थेने हसून वेळ मारून नेली, दुसऱ्या प्रकरणात माणसाची नोकरी आणि एजन्सीचं कंत्राट दोन्ही गेलं. दोन्हीकडे चूक तीच: अनेक खाती एकाच खिडकीत, आणि आपण आत्ता कोणाच्या नावाने बोलतोय हे डोळ्याला न कळणं.

त्यावर उपाय म्हणून रंग आले, पण रंगाबद्दल माझं मत फार चांगलं नाही. आम्ही आधी प्रत्येक क्लायंटला एक रंग दिला. आठ-नऊ क्लायंटपर्यंत ठीक चाललं. पुढे आकाशी कोणाचा, फिकट निळा कोणाचा, हे विचारायला माणसं उठून एकमेकांच्या टेबलावर जाऊ लागली, आणि आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही हे तेव्हा कळलं. मग क्लायंट ओळखायला लोगो ठेवला आणि रंग पोस्टच्या अवस्थेला दिला: कच्ची, क्लायंटकडे गेलेली, मंजूर, अडकलेली. चार रंग पुरले. रंग काहीही अडवत नाही, एवढं लक्षात असलं की त्याच्याकडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत.

क्यूचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं, कारण एकाच शब्दाखाली दोन वस्तू लपल्या आहेत. एक म्हणजे खरी रांग: सकाळी दहा, दुपारी चार, रात्री साडेआठ असे रिकामे स्लॉट ठरलेले, पोस्ट मागे लागतात आणि क्रमाने जातात. दुसरी वस्तू म्हणजे ठरावीक तारीख-वेळ लावलेली पोस्ट. डॅशबोर्डवर दोन्ही एकाच यादीत दिसतात, म्हणून फरक विसरला जातो.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी लताबाई गेल्याची बातमी आली. जन्म इंदूरचा, त्यामुळे इथल्या मराठी घरांत सुतकासारखी शांतता होती, आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. आमच्याकडे एका दागिन्यांच्या दुकानाच्या क्यूमध्ये व्हॅलेंटाइन आठवड्याच्या गुलाबी पोस्ट भरलेल्या, तर भंवरकुआँच्या एका कोचिंग क्लासच्या क्यूमध्ये परीक्षेच्या तारखा. क्यू वेगळ्या होत्या म्हणून दागिनेवाल्याची तेवढी थांबवली, कोचिंगची चालू ठेवली. एकच सामाईक क्यू असती तर विद्यार्थ्यांच्या सूचनाही अडकल्या असत्या. इथपर्यंत शाबासकी. ८ तारखेला दागिनेवाल्याची क्यू पुन्हा सुरू केली, आणि रांगेत जी पहिली होती ती पोस्ट इमानाने गेली: ‘उद्या रोझ डे, आजच बुकिंग करा’. रोझ डे ७ तारखेला होऊन गेला होता. रांग थांबवली तर ती थांबते, आतला माल शिळा होतोय हे तिला कळत नाही. तेव्हापासून ‘आज’, ‘उद्या’, ‘शेवटचे दोन दिवस’ असा शब्द असलेली पोस्ट आम्ही रांगेत घालत नाही, तारीख लावूनच ठेवतो.

वेगळ्या क्यूंना धक्का देऊन पक्कं करणारी आणखी एक गोष्ट २०१८ ची. फेब्रुवारीत ट्विटरने एकच मजकूर अनेक खात्यांवर एकाच वेळी टाकायला मनाई केली. कारण बॉटचा सुळसुळाट होता, त्रास आमच्यासारख्यांना झाला. तोवर ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एकदा लिहून सगळ्या क्लायंटवर टिक करायची सोय होती, ती साधनांनी काढून टाकली. थोडी चिडचिड झाली, पण प्रत्येक दुकानाच्या शुभेच्छा निदान वेगळ्या दिसू लागल्या.

आता परवानग्यांकडे. फेसबुक पेजवर २०१२ पर्यंत सगळे अॅडमिन सारखेच होते, आणि कोणताही अॅडमिन दुसऱ्याला काढू शकत होता, मालकालासुद्धा. त्या वर्षी मेमध्ये पाच वेगवेगळ्या भूमिका आल्या. २०१४ मध्ये फेसबुकचा बिझनेस मॅनेजर आला, म्हणजे पेज आणि जाहिरातींची खाती एखाद्या ‘बिझनेस’च्या नावाखाली ठेवायची सोय, आणि पेज कोणाच्या मालकीत ठेवायचं हा निर्णय इथून सुरू होतो, ज्यावर इंदूरमध्ये अजून भांडणं होतात.

बिझनेस मॅनेजरमध्ये पेज जोडायचे तीन पर्याय होते: `Add a Page`, `Request access to a Page` आणि `Create a new Page`. पहिल्या दोनांत फरक जमीन-अस्मानाचा आहे. पेज एका वेळी एकाच बिझनेसच्या मालकीचं असू शकतं. पहिलं बटण दाबलं की पेज तुमच्या मालकीत येतं. दुसरं दाबलं तर मालक क्लायंटच राहतो, तुम्हाला फक्त काम करायचा हक्क मिळतो. पण बटणावरचा शब्द ‘अॅड’. यादीत क्लायंट ‘अॅड’ करतोय, इतकाच अर्थ कोणीही घेईल. त्यात भर म्हणजे तुम्ही आधीच त्या पेजचे अॅडमिन असाल, तर मंजुरीसाठी कोणालाही विचारलं जात नसे, लगेच जोडलं जाई. आणि आम्ही तर सगळ्याच पेजचे अॅडमिन होतो, क्लायंटने पहिल्याच दिवशी करून ठेवलेलं. एका दुपारी अकरा पेज आमच्या मालकीची झाली, आम्हाला न कळता, क्लायंटला न कळता.

पुढे एका मिठाईवाल्या काकांनी दुसरी एजन्सी धरली. त्यांचा मुलगा आला, म्हणाला, “दादा, पेजमधून तुम्हाला काढायचंय, पण तुमच्या नावापुढे काढायचं बटणच येत नाही.” येणारच नव्हतं, कारण मालक आम्ही होतो. आम्ही आमच्या बाजूने पेज मोकळं केलं, त्याने आपल्या बिझनेसमध्ये घेतलं, पाच मिनिटांत मिटलं. जाहिरातींचं खातं मात्र मिटलं नाही. ते आमच्या बिझनेसमध्ये उघडलेलं होतं आणि असं खातं दुसऱ्या बिझनेसकडे देता येत नाही. दोन वर्षं कोणत्या जाहिरातीला किती प्रतिसाद आला हा सगळा इतिहास आमच्याकडेच राहिला. काका रागावले, ते बरोबरच होतं.

काही एजन्सीवाले मालकी मुद्दाम स्वतःकडे ठेवतात, क्लायंट पैसे बुडवतो म्हणून. पैसे बुडतात हे खरं आहे, माझेही बुडालेत. पण दुकानाची पाटी काढून नेणं हा वसुलीचा मार्ग मला कधी पटला नाही. आता आम्ही क्लायंटला स्वतःच्या नावाने बिझनेस उघडायला लावतो, जाहिरातींचं खातं त्यातच काढतो आणि भागीदार म्हणून आत शिरतो.

एवढं करूनही एक भोक राहतं. डॅशबोर्ड पेजशी बोलतो ते कोणत्या तरी माणसाच्या टोकनमधून. २५ ऑक्टोबर २०१९, धनत्रयोदशी. सकाळी साडेदहाला पहिली पोस्ट ‘अयशस्वी’, अकरापर्यंत नऊ क्लायंटच्या. प्रत्येकाकडे वेगळी क्यू, वेगळ्या परवानग्या, तरी सगळे एकदम पडले. एकाच क्लायंटचं बंद पडलं असतं तर दोष त्या पेजच्या परवानगीत शोधला असता. एकाच तासात अनेकांचं बंद पडलं म्हणजे त्या सगळ्यांना जोडणारा माणूस शोधायचा. यादी काढली तेव्हा दिसलं, की नऊही पेज महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या प्रोफाइलमधून जोडलेली होती. आदल्या रात्री त्याने आपला पासवर्ड बदलला होता. त्यात त्याची काहीच चूक नव्हती, पासवर्ड बदलला की जुनी टोकनं मरतात.

दुपारी दोनपर्यंत मी एकेक पेज माझ्या प्रोफाइलमधून पुन्हा जोडत बसलो. सराफ्यातल्या क्लायंटचा फोन चालूच होता, “अहो, मुहूर्त संध्याकाळचा आहे, पोस्ट उद्या टाकणार का?” आता प्रत्येक पेजवर दोन माणसांचा हक्क असतो, आणि कोणी राजीनामा दिला की हिशेब करायच्या आधी त्याच्या नावाने काय काय जोडलंय ती यादी काढली जाते.

परवानगीचा आणखी एक कंगोरा साधनाच्या आतला. सुरुवातीला बऱ्याच साधनांत ‘टीम मेंबर’ ही एकच पायरी होती, आत आला त्याला सगळं दिसे. क्लायंटला मंजुरीसाठी आत घ्यायचं तर त्याला बाकीच्यांच्या क्यूही दिसायच्या. शीतलामाता बाजारातली दोन साडीची दुकानं, एकमेकांसमोर, दोन्ही आमच्याकडे. एकाने दुसऱ्याची सेलची तारीख पाहिली आणि आपला सेल दोन दिवस आधी लावला. क्लायंटनिहाय परवानगी असलेलं साधन आम्ही त्याच आठवड्यात घेतलं, महिन्याचा खर्च दुप्पट झाला तरी. दुसरं दुकान तोवर सोडून गेलं होतं.