कर्निंग : मराठी मथळ्यातील अक्षरांतर

दोन विशिष्ट अक्षरांमधले अंतर डोळ्याला समान वाटेल असे कमी-जास्त करणे म्हणजे कर्निंग. संपूर्ण ओळीतली सगळी अंतरे एकाच मापाने वाढवणे किंवा घटवणे म्हणजे ट्रॅकिंग. व्यवहारात नाशिकच्या फ्लेक्सवाल्यांकडे आणि डीटीपीच्या टेबलावर दोन्हींना सरसकट ‘स्पेसिंग’ म्हणतात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. ट्रॅकिंग सगळ्यांना सारखा हिशेब लावते. एका जोडीत पडलेले भगदाड तिने बुजत नाही.

कर्न हा शब्द खिळ्यांच्या छपाईतला आहे. शिशाच्या खिळ्याच्या अंगाबाहेर अक्षराचा जो भाग लोंबत असे आणि शेजारच्या खिळ्यावर टेकत असे, तो कर्न. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार यांमुळे असे लोंबते भाग पुष्कळ, आणि ते तुटतही लवकर. संगणकावर तुटण्याची भीती गेली. आता अंतर फॉन्टच्या साइझच्या हजाराव्या भागात मोजतात. पान लावण्याच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये कर्सर दोन अक्षरांच्या मध्ये ठेवून `Alt` आणि बाणाची कळ दाबली की मुळात ठरवून दिलेल्या मापाने अंतर सहसा २० भागांनी सरकते.

हे २० भाग किती, ते साइझवर ठरते. बातमीच्या १० पॉइंट मजकुरात ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाहीत. ९६ पॉइंटच्या मथळ्यात तेच जवळपास पाऊण मिलिमीटर होतात. गंगापूर रोडवर लावायच्या फलकासाठी फॉन्टची साइझ ६० सेंटिमीटर घेतली तर १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी फट. फॉन्ट घडवणारा अंतरे प्रामुख्याने मजकूर वाचण्यासाठी जुळवतो. तीच अंतरे फुगवून फलकावर आली की सैल दिसतात. त्यामुळे मोठ्या मथळ्यात अंतर बहुधा आवळावे लागते, सैल करावे लागत नाही.

शिरोरेघेची अट

रोमन लिपीतली अक्षरे सुटी उभी असतात, तिथे अंतर दोन्ही दिशांना मोकळेपणाने बदलता येते. मराठीत अक्षरे शिरोरेघेला टांगलेली आहेत. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघेचा आपापला तुकडा असतो आणि तो दोन्ही बाजूंना जरासा जास्त काढलेला असतो, म्हणजे शेजारच्या तुकड्यावर चढून अखंड रेघ दिसते. अंतर आवळले तर हे तुकडे एकमेकांवर आणखी चढतात आणि वरून काही कळत नाही. अंतर वाढवले तर जास्तीचा भाग संपतो त्या क्षणी रेघेत पांढरी चीर पडते. किती वाढवता येईल हे त्या फॉन्टने रेघ किती पुढे काढली आहे यावर आहे, आणि ती बहुतेकदा फारच थोडी असते. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरे विरळ करण्याची सवय असलेला माणूस मराठीवर तोच उपाय करतो तेव्हा शब्दाचे दाताळे होते. ऐसपैस दिसायला हवे असेल तर रुंद अंगाचा फॉन्ट निवडावा.

पाटीवर हाताने अक्षरे काढणाऱ्या पेंटरला ही अडचण कधी आली नाही. खडूची रेघ मारून अक्षरे बसवायची आणि शिरोरेघ एका दमात ओढायची, की सांधा पडायला जागाच उरत नाही.

वेबपानावर हीच चूक एका ओळीत होते. इंग्रजी मथळ्यांसाठी लिहिलेला `letter-spacing` मराठी मथळ्यालाही लागू होतो आणि शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटते. मराठी मथळ्यापुरता तो शून्य करून शब्दांमधले अंतर थोडे घटवणे हा साधा इलाज आहे.

```css
h1:lang(mr) {
  letter-spacing: 0;
  word-spacing: -0.05em;
}
```

‘कांदा दरात घसरण’

नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला पाठ असलेला हा मथळा कर्निंग समजून घ्यायला सोयीचा आहे. ठळक फॉन्टमध्ये, ९६ पॉइंटला, एका ओळीत तो लावला आहे असे धरू. पुढचे आकडे दिशा कळण्यापुरते आहेत. फॉन्ट बदलला की तेही बदलतील.

आधी मोजपट्टी ठरवावी लागते. ‘कां’मधला क आणि त्याचा काना, ‘दा’मधला द आणि त्याचा काना यांच्यातले अंतर युनिकोड फॉन्टमध्ये सहसा आपल्या हातात नसते, कारण कर्सर अक्षराच्या आत शिरत नाही. ते फॉन्टने ठरवलेले असते. म्हणून तेच माप मानायचे आणि आपल्या हातातली अंतरे त्याच्या तालावर आणायची. पुष्कळ जण नेमके उलटे करतात: बाहेरची अंतरे इतकी आवळतात की अक्षर आणि त्याचा स्वतःचा काना यांच्यातच सर्वांत मोठी फट दिसू लागते. ‘दा’ वाचताना द आणि काना वेगळे पडले की समजावे, आवळणे जास्त झाले.

आता ‘दरात’. इथले खरे दुखणे द आणि ‘रा’ यांच्यामध्ये आहे. दला पूर्ण उंचीचा काना नाही; तो शिरोरेघेखाली आखूड देठावर लोंबतो आणि त्याचे शेपूट खाली उजवीकडे जाते. र हेसुद्धा असेच लोंबणारे अक्षर. दोघांच्या मध्ये शिरोरेघेखाली पांढरा खळगा तयार होतो, आणि वर रेघ अखंड असल्यामुळे तो जास्तच खोल वाटतो. इथे −२५ पासून सुरुवात करावी आणि दचे शेपूट रच्या अंगाला लागायच्या आत थांबावे. ‘रा’ आणि त यांच्यामध्ये सरळ काना आणि वळणदार पोट अशी जोडी आहे, तिला −५ पुरे, कित्येकदा तेवढेही लागत नाही. सरळ बाजूशेजारी सरळ बाजू आली की अंतर सर्वांत जास्त हवे, सरळशेजारी गोल आली तर थोडे कमी, आणि दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर सर्वांत कमी, एवढा नियम डोक्यात असला की बहुतेक जोड्या लागतात.

‘घसरण’मध्ये घ आणि स दोन्ही उजवीकडे काना असलेली, त्यामुळे तिथे फारसे काही करावे लागत नाही. खटकते ती र–ण जोडी. रची तिरकी शेपटी खाली उजवीकडे पसरते, तिच्यावर त्रिकोणी पांढरी जागा राहते. वरची जागा बघून आवळायला जावे तर खाली शेपटी णच्या पोटाला भिडते. −१५च्या आसपास तडजोड होते. पूर्ण समाधान या जोडीत मिळत नाही, आणि ते शोधत बसण्यात अर्थही नाही.

शेवटी शब्दांमधली जागा. मराठीत शब्द संपला की शिरोरेघ तुटते, म्हणजे शब्द कुठे संपला ते वाचकाला आधीच कळलेले असते. म्हणून मोठ्या मथळ्यात मूळ स्पेसच्या तीनचतुर्थांश जागा सहसा पुरते. पण दोन्ही स्पेस सारख्या घटवून चालत नाही. ‘कांदा’नंतर द येतो, त्याच्या डाव्या अंगाला आधीच मोकळी जागा आहे, ‘दरात’नंतर घ येतो, त्याची कमान डावीकडे भरलेली आहे. पहिली स्पेस दुसरीपेक्षा थोडी जास्त घटवली तरच दोन्ही सारख्या दिसतात.

कुठे थांबावे

‘लासलगावचा कांदा रवाना’ या मथळ्यात र आणि व आवळावेसे वाटतात, कारण दोघांमध्ये तसाच खळगा आहे. आवळले तर कांदा ‘खाना’ होतो. हल्लीच्या प्रमाण आकारात खच्या रची शेपटी वच्या खाली जोडलेली असते, म्हणून ख आणि रव वेगळे ओळखू येतात. ठळक फॉन्टमध्ये ही शेपटी वला टेकली की तो फरक संपतो. गौरव, रवा, रवींद्र अशा सगळ्या शब्दांना हे लागू आहे. या जोडीला हात लावू नये. शिरोरेघ न तुटता ५-१० भाग वाढवता आले तर वाढवावेत आणि उरलेला खळगा खुशाल राहू द्यावा.

दुसरी जागा ‘नाशिक’ या नावातच आहे. ‘ना’चा काना आणि ‘शि’च्या पहिल्या वेलांटीचा दांडा शेजारी शेजारी येतात, मध्ये कोणतेही पोट नाही. ‘गोदावरीकिनारी’मध्ये तर दुसऱ्या वेलांटीचा दांडा आणि पहिल्या वेलांटीचा दांडा एकमेकांना पाठ लावून उभे राहतात आणि वरच्या कमानी दोन दिशांना फुटतात. ट्रॅकिंग −३० वर नेले की हे दोन दांडे मिळून एकच जाड खांब दिसतो. सगळी ओळ आवळायचीच असेल तर आधी ट्रॅकिंग करावे आणि मग अशा जोड्यांना तेवढेच अंतर परत द्यावे.

तपासणी

शिरोरेघ डोळ्याला फसवते. ती सलग असल्यामुळे खालची अंतरेही सारखीच असतील असे वाटते. म्हणून मथळा छापून काढावा आणि शिरोरेघेवर कागदाची पट्टी ठेवावी. खाली उरतात ते फक्त दांडे, पोटे आणि मधल्या पांढऱ्या जागा, आणि द–रसारखे खळगे लगेच उघडे पडतात. मग पट्टी काढून कागद उलटा धरावा: शब्द वाचता येत नाही तेव्हा डोळा फक्त आकार बघतो. स्क्रीनवर बारीक चीर दिसली तर झूम बदलून पाहावे. ती प्रत्येक झूमला हलत असेल किंवा नाहीशी होत असेल तर दोष स्क्रीनचा आहे. सगळीकडे राहत असेल तर रेघ खरोखर तुटली आहे.

जुने फॉन्ट आणि रेडियम

युनिकोडपूर्व फॉन्ट अजून फलकांच्या दुकानांत सर्रास चालतात. त्यांत काना, मात्रा, वेलांटी हे इंग्रजी कळांवर बसवलेले स्वतंत्र तुकडे आहेत, आणि सॉफ्टवेअरला ती सुटी अक्षरेच वाटतात. त्यामुळे ट्रॅकिंग लावले की मात्रा आपल्या अक्षरावरून घसरते आणि अनुस्वार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. आकार पाहून अंतर आपोआप ठरवणारी सोय तर इथे बंदच ठेवावी. या फॉन्टमध्ये मथळा आधी कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, बदलून, अख्खे अक्षर मात्रेसकट गटात बांधून हाताने सरकवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. अशा वेळी शिरोरेघ तुटली तर रेघेच्या जाडीचा आयत काढून ती सांधता येते.

आवळलेल्या मथळ्याची एक अडचण छपाईत दिसत नाही, रेडियम कापताना दिसते. शिरोरेघेचे एकमेकांवर चढलेले तुकडे पडद्यावर एकसंध वाटतात, पण कटिंग प्लॉटरला प्रत्येक तुकड्याची कड वेगळी दिसते आणि तो प्रत्येक सांध्यावर सुरी फिरवतो. चिकटवताना शिरोरेघेचे कपटे सुटे होऊन येतात. कर्निंग पूर्ण झाल्यावर, फाइल कापायला देण्याआधी, सगळी अक्षरे वेल्ड करून एकच आकार करावा लागतो. वेल्ड केल्यानंतर अंतर बदलता येत नाही, म्हणून कर्निंग केलेली मूळ फाइल वेगळी ठेवतात.