वास्तुचित्रातील दृष्टिपातळी, लेन्स आणि उभ्या रेषा

इमारतीच्या छायाचित्रातील किंवा संगणकावर तयार केलेल्या रेंडरमधील यथादर्शन कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरते. त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग चौकटीत मावेल, एवढेच लेन्स ठरवते. म्हणून आधी जागा आणि नंतर लेन्स निवडणे योग्य होय. कॅमेरा जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवल्यास क्षितिजरेषा सपाट जमिनीवरील जवळच्या व दूरच्या सर्व प्रौढ माणसांच्या साधारण डोळ्यांवरून जाते, आणि २.१ मीटर उंच दाराला ती सुमारे तीन-चतुर्थांश उंचीवर छेदते. चित्रातील उंची खरी आहे की नाही, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

उभ्या रेषा वर एकत्र येतात त्या कॅमेरा वर कलवल्यामुळे, लेन्स रुंद कोनाची असल्यामुळे नव्हे. समजा, १२ मीटर उंच इमारत १५ मीटरवरून, ३६ × २४ मिमी सेन्सर आडवा धरून, २४ मिमी लेन्सने टिपायची आहे. कॅमेरा समतल ठेवला तर डोळ्यांच्या वर ७.५ मीटरपर्यंतचाच भाग दिसतो आणि वरचा जवळजवळ ३ मीटर भाग कापला जातो. अशा वेळी कॅमेरा न कलवता शिफ्ट लेन्स ८ मिमी वर सरकवल्यास डोळ्यांच्या वर १२.५ मीटर दिसतात. त्यामुळे पूर्ण इमारत आणि माथ्यावर थोडे आकाश चौकटीत येते, शिवाय उभ्या रेषा समांतर राहतात. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि रेंडरची चौकट ३:२ प्रमाणात ठेवून हेच `Shift Y` मध्ये 0.222 लिहून साधते, कारण तेथे सरक सेन्सरच्या मोठ्या बाजूच्या प्रमाणात मोजली जाते.

रेंडर करणाऱ्यास किंवा प्रतिमा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला वर्णन देताना केवळ ‘२४ मिमी’ लिहिणे अपुरे ठरते, कारण त्यावरून कॅमेरा कलला आहे की समतल, हे कळत नाही. त्याऐवजी दिसणारा परिणाम लिहावा : ‘कॅमेरा समतल, उंची १.६ मीटर, सर्व उभ्या रेषा चौकटीच्या कडांना समांतर, क्षितिज चौकटीच्या तळापासून एक-षष्ठांश उंचीवर.’ वरील उदाहरणात लेन्स सरकवल्यानंतर क्षितिज नेमके तेथेच येते. याच वर्णनात ‘खालून वर पाहणारे भव्य दृश्य’ असे जोडल्यास दोन सूचना परस्परविरोधी होतात आणि बहुधा रेषा कललेल्याच मिळतात.

या दुरुस्तीला मर्यादा आहे. इमारतीच्या फार जवळ जाऊन मोठी सरक वापरली, तर उभ्या रेषा सरळ असूनही माथा जड आणि बाहेर ताणलेला भासतो, आणि कडेचे गोल खांब रुंदावतात. अशा वेळी मागे सरून ३५ मिमी लेन्स घेणे हाच खरा उपाय होय; मागे जागा नसेल, तर रेषांचा किंचित कल राहू द्यावा, कारण मान वर करून पाहणाऱ्याला तो स्वाभाविक वाटतो.