मालमत्ता खरेदीसाठी मिळालेले सरकारी अनुदान: हिशेबात मांडण्याच्या दोन पद्धती

यंत्रसामग्री किंवा इमारत घेण्यासाठी मिळालेले अनुदान त्याच वर्षी नफ्यात धरावे, असे अनेक ग्राहकांना वाटते. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 20 प्रमाणे तसे करता येत नाही. अटी पाळल्या जातील आणि रक्कम हाती येईल याची वाजवी खात्री झाल्यावरच अनुदान नोंदवायचे असते आणि मालमत्तेवर जसजसा घसारा पडेल तसतसे ते नफा-तोटा पत्रकात आणायचे असते. मांडणीसाठी मात्र दोन पर्याय आहेत.

समजा, 10 लाखांचे यंत्र घेतले, त्यासाठी 4 लाख अनुदान मिळाले, आणि यंत्राचे आयुष्य 5 वर्षे धरून दरवर्षी समान घसारा आकारला. पहिल्या पद्धतीत यंत्र ताळेबंदात 10 लाखांनाच राहते आणि अनुदान दायित्वांच्या बाजूला स्थगित उत्पन्न म्हणून दिसते. दरवर्षी घसारा 2 लाख पडतो आणि स्थगित उत्पन्नातून 80 हजार उत्पन्नात जमा होतात. दुसऱ्या पद्धतीत अनुदान थेट यंत्राच्या किमतीतून वजा होते, त्यामुळे यंत्र 6 लाखांना नोंदले जाते आणि घसारा 1 लाख 20 हजार पडतो. दोन्हींत नफ्यावरचा निव्वळ भार 1 लाख 20 हजारच.

फरक पडतो तो ताळेबंद वाचणाऱ्याला. दोन वर्षांनंतर पहिल्या पद्धतीत यंत्र 6 लाखांचे आणि स्थगित उत्पन्न 2 लाख 40 हजारांचे दिसते, तर दुसऱ्या पद्धतीत केवळ 3 लाख 60 हजारांचे यंत्र दिसते. शिवाय पहिल्या पद्धतीत घसाऱ्यापूर्वीचा नफा 80 हजारांनी जास्त येतो, हे कर्जाच्या अटी त्या आकड्यावर बेतलेल्या असतील तर विसरू नये. मालमत्तेची खरी किंमत आणि अनुदानाचा वाटा वेगवेगळा दिसतो म्हणून आमचा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. अर्थात दुसरीही तितकीच ग्राह्य आहे. कोणतीही निवडली तरी ती सातत्याने वापरावी आणि टिपांमध्ये नमूद करावी. रोख प्रवाह पत्रकात मात्र यंत्रासाठी दिलेले 10 लाख आणि मिळालेले 4 लाख स्वतंत्रपणे दाखवणेच योग्य.

खरी अडचण येते ती अट मोडल्यामुळे अनुदान परत करावे लागते तेव्हा. वरील उदाहरणात दुसऱ्या वर्षाअखेर पूर्ण 4 लाख परत द्यायचे ठरले, तर पहिल्या पद्धतीत स्थगित उत्पन्नाचे उरलेले 2 लाख 40 हजार आधी संपतात आणि बाकीचे 1 लाख 60 हजार त्याच वर्षी खर्चात जातात. दुसऱ्या पद्धतीत यंत्राचे पुस्तकी मूल्य 4 लाखांनी वाढवून, आजवर कमी आकारलेला 1 लाख 60 हजारांचा घसारा लगेच नोंदवावा लागतो. ही परतफेड अंदाजातील बदल मानली जाते, त्यामुळे मागील वर्षांचे आकडे बदलायचे नसतात. मात्र अट का मोडली हे पाहून यंत्राचे मूल्यच घटले आहे का, हेही तपासावे लागते.

म्हणून अनुदान मंजुरीचे पत्र आले की ते अटींच्या पानांसह आमच्याकडे पाठवावे. केवळ बँकेत जमा झालेली रक्कम पाहून नोंद करता येत नाही.