अंतरा बंद केल्यावर महिने कुठून मोजायचे?

समजा, कागल तालुक्यातली २८ वर्षांची एक बाई आहे. पहिल्या बाळानंतर तिनं सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं. शेवटचं १० जानेवारीला. दुसरं मूल हवं म्हणून एप्रिलचा डोस तिनं ठरवून सोडला. दिवाळी आली तरी दिवस राहिले नाहीत, आणि सुईनं पिशवी खराब झाली अशी कुजबुज घरात सुरू झाली.

पिशवीला काही झालेलं नसतं. अंतरात १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं, तेही पाण्यात सहजी न विरघळणाऱ्या बारीक कणांच्या रूपात. स्नायूत गेलेले हे कण गुळाच्या ढेपेसारखे कडेकडेनं विरघळतात. रक्तात उतरणारं संप्रेरक मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला गप्प ठेवतं आणि स्त्रीबीज बाहेर पडत नाही. सुईची जागा चोळू नका, शेकू नका असं नर्सताई सांगतात ते यासाठीच. चोळल्यानं औषध लवकर संपू शकतं.

तीन महिने ही संरक्षणाची खात्रीची मुदत आहे, औषध पुरतं संपण्याची नव्हे. घरची मंडळी एप्रिलपासून मोजतात, पण हिशेब शेवटच्या सुईपासून धरावा. तिथपासून साधारण दहा महिन्यांत निम्म्या बायकांना दिवस राहतात. म्हणजे आपल्या उदाहरणात १० नोव्हेंबरच्या आसपास, आणि तोवर उरलेल्या निम्म्या अजून वाटच पाहत असतात. थायलंडमधल्या चिआंग माई इथल्या, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शन सोडलेल्या बायकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणींना दोन वर्षांच्या आत दिवस राहिले होते. किती डोस घेतले यावर हा उशीर फारसा ठरत नाही. राहिलेलं औषध बाहेर काढणारी गोळी किंवा काढा नाही.

गर्भनिरोधक गोळ्यांचं असं नाही. रोजची गोळी बंद केली की संप्रेरक काही दिवसांत उतरतं, पाळी बहुधा एक ते तीन महिन्यांत मार्गी लागते. दंडाच्या कातडीखालची इम्प्लांटची काडी काढली की आठवड्याभरात तिचं औषध रक्तात जवळपास सापडत नाही. म्हणून पुढच्या वर्षी मूल हवं असेल, तर इंजेक्शन सहा-आठ महिने आधीच थांबवून मधल्या काळात निरोध किंवा गोळ्या वापरणं मला शहाणपणाचं वाटतं.

याउलट चूकही होते. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं धरून काही जोडपी निर्धास्त राहतात. पण बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे इंजेक्शननंतर पहिली पाळी न येताच दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर मुदत संपताच दुसरं साधन हवं. शंका आली तर लघवीची तपासणी करावी.

शेवटच्या सुईला वर्ष उलटूनही पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. पाळी नियमित असून वर्षभर प्रयत्न फसले तरीही जावं, आणि वय पस्तीसच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. जाताना नवऱ्यालाही सोबत न्यावं, कारण त्याच्या वीर्याची तपासणी स्वस्त आणि सोपी असते, आणि दोष तिकडंही असू शकतो.